विमान मोड लावा, मग बोला

जळगावातला दुकानदार मित्र उधारी बोलून टाइप करतो. काल म्हणाला, "हा आवाज जातो कुठं रे?"

हे तपासायला विमान मोड लावा, वायफाय बंद करा, माइक दाबून मराठीत बोला. शब्द उमटले नाहीत, तर ओळख सर्व्हरवर होते. म्हणजे मागं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचा आवाजही तिकडं जातो.

उमटले, तर फोन स्वतः ओळखू शकतो. पण नेट असताना काही अ‍ॅप तरीही सर्व्हर वापरतात!

गूगल खात्यातलं रेकॉर्डिंग साठवणं बंद केलं, तरी ओळखण्यापुरता आवाज जाऊ शकतो. तो खात्यात साठत नाही, इतकंच.

फोनमधलं मॉडेल लहान, त्यामुळे आडनावं आणि अहिराणी शब्द जास्त चुकतात. तरी उधारीसाठी मी विमान मोडच लावेन.

तुमच्या फोनवर काय झालं? कमेंटमध्ये सांगा.