रकमेचा रकाना: ठेकेदाराचे हस्तलिखित अंदाजपत्रक उतरवताना

बंगळुरूत तीस बाय चाळीसच्या साइटवर घर बांधायचे ठरले की ठेकेदाराकडून पहिल्यांदा हातात येते ते रेघांच्या कागदावर पेनने लिहिलेले एस्टिमेट. त्यात कामाचे नाव, प्रमाण, दर आणि रक्कम असे चार रकाने असतात. काही मेस्त्री एकक प्रमाणाच्या शेजारी लिहितात, काही दराच्या शेजारी, आणि काही लिहीतच नाहीत. तीन ठेकेदारांची तुलना करायची असो, कर्जासाठी बँकेला कागद द्यायचे असोत किंवा पुढे टप्प्याटप्प्याने बिले चुकती करायची असोत, हा कागद संगणकावरच्या तक्त्यात उतरवावा लागतो. उतरवताना प्रत्येक ओळीतले प्रमाण आणि दर यांचा गुणाकार नव्याने केला जातो आणि तो लिहिलेल्या रकमेशी ताडून पाहिला जातो. काम साधे वाटते. त्याची सारी गुंतागुंत चौथ्या रकान्यात आहे, कारण रक्कम ही एकाच वेळी माहिती असते आणि पहिल्या तीन रकान्यांच्या वाचनाची साक्षही असते.

हा चार रकान्यांचा नमुना ठेकेदाराने स्वतः शोधलेला नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याची स्थापना १८५४ साली झाली. मोजमापे एका तक्त्यात आणि त्यांवरून काढलेल्या रकमांचा गोषवारा दुसऱ्या तक्त्यात ही खात्याची पद्धत खासगी बांधकामातही रुळली. मेस्त्रीच्या वहीत यांपैकी सहसा गोषवाराच असतो. म्हणजे ४,६५० चौरस फूट हा आकडा दिसतो, पण तो कोणत्या लांबी-रुंदीतून आला हे दिसत नाही.

पहिली अडचण वाचनाची. कामांची नावे बहुधा कन्नड आणि इंग्रजी मिसळून लिहिलेली असतात: कंबी म्हणजे सळई, जल्ली म्हणजे खडी, मरळु म्हणजे वाळू, गारे म्हणजे गिलावा. ही नावे अर्थावरून उलगडतात. आकड्यांना तसा आधार नसतो. बहुतेक ठेकेदार इंग्रजी आकडे लिहितात, पण जुन्या मेस्त्रींच्या हातून कन्नड आकडेही येतात. घाईत लिहिलेले कन्नड सहा आणि नऊ एकमेकांसारखे दिसतात, आणि कन्नड चार, देवनागरी चारप्रमाणेच, इंग्रजी आठसारखा वाचला जातो. बेळगावकडच्या ठेकेदाराने देवनागरीत लिहिलेला एक हा इंग्रजी नऊ वाटू शकतो. त्यामुळे आधी संपूर्ण पान चाळून लिहिणाऱ्याने कोणते आकडे वापरले आहेत हे ठरवावे लागते, आणि त्याचा प्रत्येक अंक स्पष्ट असलेल्या जागेवरून ओळखून ठेवावा लागतो.

आकड्यांभोवतीच्या खुणाही फसवतात. दर लिहून झाल्यावर ओढलेली तिरकी रेघ आणि आडवी रेघ ही रक्कम तिथे संपल्याची खूण असते. तिरकी रेघ एक म्हणून वाचली तर ४८ चे ४८१ होतात. दक्षिणेत अनेकजण पैशांच्या आधी टिंबाऐवजी बरोबरचे चिन्ह लिहितात. ते न ओळखता शून्ये मुख्य आकड्याला जोडली तर रक्कम शंभरपट होते. दराच्या रकान्यात वरच्यासारखेच अशी खूण असेल, तर उतरवताना तिथे वरचा दर प्रत्यक्ष लिहावा लागतो, नाहीतर गुणाकारात ती ओळ शून्य होते.

सर्वात मोठ्या चुका मात्र एककामुळे होतात. महाराष्ट्रात ब्रास म्हणजे शंभर घनफूट हे बांधकामाशी संबंध आलेल्या कोणालाही ठाऊक असते. बंगळुरूत बांधकामाचे क्षेत्र स्क्वेअरमध्ये सांगतात आणि एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट. जुन्या पद्धतीच्या एस्टिमेटात दरापुढे टक्क्याचे चिन्ह दिसते. त्याचा व्याजाशी किंवा सवलतीशी संबंध नसतो, तो दर दर शेकड्याला आहे एवढाच त्याचा अर्थ. विटांचा दर हजारी असतो. म्हणून तक्त्यात दर किती एककांमागे आहे हे सांगणारा वेगळा रकाना ठेवावा लागतो आणि त्यात १, १०० किंवा १००० लिहावे लागते. प्रमाण C मध्ये, दर D मध्ये, हा भाजक E मध्ये आणि लिहिलेली रक्कम F मध्ये असेल, तर पुढच्या दोन रकान्यांत ही सूत्रे येतात:

```
G2: =ROUND(C2*D2/E2,0)
H2: =F2-G2
```

लिहिलेली रक्कम चुकीची दिसली तरी F मध्ये ती जशीच्या तशीच राहिली पाहिजे. दुरुस्ती G मध्ये आणि फरक H मध्ये दिसतो. F खोडून तिथे बरोबर आकडा घातला, की मूळ कागदात काय होते याचा पुरावा तक्त्यातून नाहीसा होतो.

उदाहरणादाखल एका एस्टिमेटातल्या पाच ओळी घेऊ. पहिली ओळ पायाच्या खोदाईची: १,३५० घनफूट, दर १,२००, रक्कम १६,२००. सरळ गुणाकार १६,२०,००० येतो, म्हणजे बरोबर शंभरपट. दरापुढची पुसट खूण टक्क्याची होती हे यावरून कळते आणि E मध्ये १०० जाते. दुसरी ओळ सळईची: ४.२, दर ७८, रक्कम ३,२७,६००. इथे गुणाकार ३२७.६ येतो, म्हणजे हजारपट कमी. प्रमाण टनात आणि दर किलोला लिहिला आहे. प्रमाण ४,२०० किलो केले की रक्कम जुळते. फरक नेमका दहा, शंभर किंवा हजार पटीचा असेल तर शंका आकडेमोडीवर घेण्याआधी एककावर किंवा दशांशचिन्हावर घ्यावी.

तिसरी ओळ सहा इंची सॉलिड ब्लॉकच्या भिंतीची: १,८६० चौरस फूट, रक्कम १,७६,७००. दराचा पहिला अंक चार की नऊ हे कळत नाही. ४५ धरले तर ८३,७०० येतात, ९५ धरले तर नेमके १,७६,७००. म्हणून दर ९५. चौथी ओळ गिलाव्याची: ४,६५० चौरस फूट, दर ४८, रक्कम २,३२,२००. गुणाकार मात्र २,२३,२०० येतो. रकमेला प्रमाणाने भागले तर दर ४९.९४ निघतो आणि दराने भागले तर प्रमाण ४,८३७.५ निघते. कागदावर यांपैकी काहीच दिसत नाही, म्हणजे वाचन चुकलेले नाही. फरक ९,००० आहे आणि त्याला नऊने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, आणि इथे दोन आणि तीन यांची जागा बदललेली उघड दिसते. मात्र कोणत्याही सलग नऊ संख्यांपैकी एकीला नऊने भाग जातोच, त्यामुळे अंकांची अदलाबदल डोळ्यांनी दिसली तरच हा निष्कर्ष काढावा.

पाचवी ओळ विजेच्या कामाची, एकरकमी १,२०,०००. प्रमाण आणि दर नाहीत, म्हणून तपासण्यासारखे काही नाही. तिथे प्रमाण १ आणि दर १,२०,००० लिहून ओळ जुळवण्यापेक्षा ती एकरकमी म्हणून वेगळी दाखवावी, नाहीतर न तपासलेली ओळ तपासलेल्या ओळींत मिसळते.

पानाच्या तळाशी ठेकेदाराने बेरीज ८,७२,७०० लिहिली आहे. लिहिलेल्या पाच रकमांची बेरीज तेवढीच येते. बेरीज तपासून थांबणाऱ्याला हे पान निर्दोष वाटेल. नव्याने काढलेल्या रकमांची बेरीज मात्र ८,६३,७०० आहे. ओळीतली चूक बेरजेत जशीच्या तशी उतरते, म्हणून बेरीज जुळणे हा ओळी बरोबर असल्याचा पुरावा नसतो. प्रत्येक ओळ गुणून पाहण्याचे कारण हेच.

यात एक सूक्ष्म धोका आहे आणि तो चांगल्या उतरवणाऱ्यालाही चकवतो. भिंतीच्या ओळीत दर ९५ हा रकमेवरून ठरवला. त्यानंतर ९५ आणि १,८६० यांचा गुणाकार रकमेशी जुळला असे म्हणण्याला अर्थ उरत नाही, कारण तो जुळावा म्हणूनच ९५ निवडले होते. मूळ दर ४५ असता आणि ठेकेदाराने रकमेत चूक केली असती, तर तीही अशीच झाकली गेली असती. रकमेची साक्ष वाचनासाठी एकदा खर्च झाली की तीच साक्ष तपासणीसाठी पुन्हा वापरता येत नाही. अशा ओळीसमोर दर रकमेवरून काढला अशी नोंद करून ठेकेदाराला तो दर विचारावा. याच कारणाने प्रमाण आणि दर आधी रकमेकडे न पाहता वाचून लिहावेत, जमल्यास दोघांनी स्वतंत्रपणे, आणि मगच रकमेचा रकाना उघडावा.

जुळले कशाला म्हणावे याचीही मर्यादा ठरवावी लागते. प्रमाण दोन दशांशांपर्यंत लिहिलेले असेल, तर ठेकेदाराने गुणाकार राउंड न केलेल्या आकड्यावरून केलेला असू शकतो. काँक्रीट १२.३७ घनमीटर आणि दर ६,८०० असेल, तर प्रमाणातला संभाव्य फरक ०.००५, आणि त्याला दराने गुणले की ३४ रुपये. या ओळीत ३४ रुपयांपर्यंतचा फरक चूक नव्हे. सर्व ओळींना सरसकट दहा रुपयांची सूट देणे म्हणून चुकीचे ठरते. पूर्ण चौरस फुटांत लिहिलेल्या मोठ्या प्रमाणाला आणि तीन दशांशांच्या प्रमाणाला एकच मापदंड लागू होत नाही.

फरक खरा ठरला तर कोणता आकडा मानायचा, यासाठी सरकारी निविदांत ठरलेला नियम आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बाबवार दराच्या निविदेत दर अंकांत आणि अक्षरांत दोन्ही लिहावा लागतो. दोन्हींत फरक असेल तर ठेकेदाराने काढलेल्या रकमेशी जुळणारा दर धरतात. रक्कम काढलेलीच नसेल किंवा ती दोन्हींशी जुळत नसेल तर अक्षरी दर धरतात. दोन्ही दर सारखे पण गुणाकार चुकलेला असेल तर दर कायम राहतो आणि रक्कम दुरुस्त होते. या नियमाने गिलाव्याची रक्कम २,२३,२०० धरली जाईल. घरगुती एस्टिमेटात अक्षरी दर नसतो आणि हा नियम आपोआप लागूही होत नाही, म्हणून दर कायम राहील आणि गुणाकार दुरुस्त होईल हे वाक्य ठेकेदाराच्या सहीने कागदावर घेतलेले बरे.

गुणाकार किती सांगू शकतो यालाही सीमा आहे. प्रमाण फुगवलेले आहे का, दर बाजारभावाला धरून आहे का, जिन्याचे रेलिंग किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग सुटले आहे का, हे त्यातून कळत नाही. प्रमाणांची एकमेकांशी सांगड घालून थोडे पुढे जाता येते. भिंत १,८६० चौरस फूट असेल तर दोन्ही बाजूंचा गिलावा ३,७२० होतो. उरलेले ९३० चौरस फूट स्लॅबच्या खालच्या गिलाव्याचे असतील, तर घराचे क्षेत्रही साधारण तेवढे असायला हवे. दारे-खिडक्यांची वजावट केली आहे की नाही, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर नकाशावरून आणि मोजमापांच्या तक्त्यावरूनच मिळते. म्हणून गोषवाऱ्यासोबत मोजमापांचा तक्ता मागून घ्यावा आणि सही करण्यापूर्वी तोही याच पद्धतीने, ओळ न ओळ, गुणून पाहावा.