अडीच किलोच्या चिवड्याचं सहा किलोचं बिल

दिवाळीच्या आधी कुरिअरच्या काउंटरवर एक संवाद हमखास कानावर पडतो. “काका, घरी वजन केलंय, अडीच किलोच भरलं.” “ताई, खोका केवढा आहे बघा ना, व्हॉल्यूमेट्रिक लागणार.” आणि पावती सहा किलोची फाटते.

हा हिशेब समजायला सोपा आहे. गाडी असो वा विमान, हलक्या मालाने जागा आधी संपते आणि वजनाची मर्यादा तशीच उरते. म्हणून कंपनी पार्सलची दोन वजनं काढते. एक काट्यावरचं, दुसरं आकारावरून. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. आकारावरून वजन काढायला खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. म्हणजे एक लिटर जागेला २०० ग्रॅम वजन धरलं जातं. लाडू त्याहून जड असल्याने घट्ट भरलेल्या खोक्याला काट्याचंच वजन लागतं. चिवडा आणि चकली मात्र हवेचेही पैसे मोजायला लावतात.

आता वरचाच खोका घेऊ. ४० × ३० × २५ सेंटिमीटर, म्हणजे ३०,००० घन सेंटिमीटर. भागिले ५०००, उत्तर ६ किलो. पण काही कंपन्या ५००० ऐवजी ४००० ने भागतात आणि मग तोच खोका साडेसात किलोचा होतो. दरांची तुलना इथेच फसते. समजा, पहिली कंपनी दर अर्ध्या किलोला ४० रुपये घेते आणि ४००० ने भागते. दुसरी ४५ रुपये घेते, पण ५००० ने भागते. पहिलीचे पंधरा टप्पे, ६०० रुपये. दुसरीचे बारा टप्पे, ५४० रुपये. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण दरपत्रकावर स्वस्त दिसणारी कंपनी महाग का पडते, ते त्यातून कळतं. वर १८ टक्के जीएसटी, आणि बऱ्याच ठिकाणी इंधन अधिभारही, तो वेगळाच.

तोच फराळ ३६ × २६ × २० च्या खोक्यात बसवला, तर दुसऱ्या कंपनीच्या हिशेबाने वजन ३.७४ किलो येतं. टप्पा अर्ध्या किलोचा, म्हणून आकारणी ४ किलोची, ३६० रुपये. खोक्याचे वरचे झाप खाली दुमडून उंची १८ वर आणली, की वजन ३.३७ किलो, आकारणी साडेतीन किलोची, ३१५ रुपये. पण खोका ठासून भरला आणि झाकण फुगून उंची १९ झाली, तर वजन ३.५६ होतं आणि पुन्हा ४ किलोचे पैसे पडतात. मोजमाप सर्वांत फुगलेल्या जागेवर घेतलं जातं. शिवाय मोठ्या केंद्रांत स्कॅनर पार्सल पुन्हा मोजतो. घरगुती विक्री करणाऱ्यांच्या खात्यातून नंतर जादा रक्कम कापली जाते ती यामुळेच. टेप लावलेल्या खोक्याचा आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो जवळ असला, तर तक्रारीत बोलायला आधार राहतो.

तिसरा भाग ठिकाणाचा. डाक विभागाच्या स्पीड पोस्टमध्ये स्थानिक दर वेगळा. त्यापुढे किलोमीटरचे टप्पे: २०० पर्यंत, मग ५००, १०००, २००० पर्यंत आणि त्याहून दूर. खासगी कंपन्या सहसा अंतरापेक्षा विभाग पाहतात: त्याच शहरात, त्याच राज्यात, महानगर ते महानगर, उरलेला देश, आणि शेवटी ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर. त्यामुळे पुण्याहून दिल्लीला जाणारं पार्सल कधी कधी त्याहून जवळच्या, पण महानगर नसलेल्या गावापेक्षा स्वस्त पडतं. गाव कंपनीच्या नेहमीच्या फेरीबाहेर असलं, तर दुर्गम भागाचा आकार वेगळा लागतो किंवा पार्सल जवळच्या शाखेतून आणायला सांगतात. अशा पत्त्यांसाठी पोस्टाचा दर आधी पाहावा, कारण पोस्टमन तिथे तसाही जातो.

म्हणून “किलोला किती?” हा प्रश्न अपुरा आहे. बंद केलेल्या खोक्याची तिन्ही मापं, काट्यावरचं वजन आणि पिनकोड सांगा आणि भागायचा आकडा कोणता, टप्पा किती ग्रॅमचा, सगळे कर-अधिभार धरून रक्कम किती, एवढं विचारा. दोन ठिकाणी हीच माहिती दिली, तरच दोन उत्तरांची तुलना होते.