फुकट मालावरचा कर

औषधांच्या बिलात ‘१०+१’ ही स्कीम नेहमी दिसते. १०० रुपयांच्या दहा स्ट्रिप, अकरावीपुढे शून्य. ५ टक्के जीएसटी लागतो तो १,००० रुपयांवरच, म्हणजे ५० रुपये. मार्च २०१९च्या परिपत्रकानुसार ती अकरावी फुकट नसते. दहाच्या किमतीत अकरा विकलेल्या असतात. त्यामुळे खरेदीवरचं क्रेडिट शाबूत राहतं. बिलातच दाखवलेली सूटही अशीच करपात्र रकमेतून वजा होते.

डॉक्टरांना मोफत दिलेल्या सॅम्पलचं गणित मात्र वेगळं. मोबदलाच नाही, म्हणून सहसा करही नाही. पण त्या मालावर घेतलेलं क्रेडिट कलम १७(५)प्रमाणे परत करावं लागतं. अनेक व्यापारी नेमके इथेच अडकतात: स्टॉकमधून सॅम्पल वजा होतं, क्रेडिट तसंच राहतं आणि तपासणीत ते व्याजासह भरावं लागतं.