दोनदा आलेला भरणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका बिलाचे पैसे दोनदा येणे हा व्यापारात नित्याचा प्रसंग आहे. कारकून एनईएफटीने रक्कम पाठवितो, त्याची वर्दी मालकास नसते, आणि तगाद्याचे पत्र हाती पडताच मालक स्वतःच्या मोबाइलवरून तीच रक्कम पुन्हा धाडतो. अशा वेळी विक्रेत्याने ग्राहकास काय कळवावे याविषयी पेढ्यापेढ्यांतून जे समज रूढ आहेत, त्यांतील बहुतेक एका मूळ चुकीतून निघतात : आपल्या खात्यात जमा झालेली रक्कम ती आपली, ही ती चूक. पुढील उदाहरणात कोल्हापूरचा विद्युत मोटारींचा एक विक्रेता आणि सांगलीचा एक दुकानदार कल्पिला आहे. 3 जूनचे बिल 47,200 रुपयांचे. त्यात माल 40,000 रुपयांचा आणि 18 टक्के दराने जीएसटी 7,200 रुपयांचा. 10 जूनला दुकानाच्या चालू खात्यातून एनईएफटीने, आणि 12 जूनला मालकाच्या बचत खात्यातून यूपीआयने, अशी तीच रक्कम दोन वेळा आली.

गैरसमज : खातेवहीत दोनदा जमा दिसते, म्हणजे रक्कम दोनदा आलीच.

वस्तुस्थिती : खातेवही माणूस लिहितो. ग्राहकाने पाठविलेल्या पडद्याच्या छायाचित्रावरून एकदा, आणि दोन दिवसांनी बँकेच्या उताऱ्यावरून दुसऱ्यांदा, अशी एकाच भरण्याची दोन वेळा नोंद झाल्याने खोटी जादा जमा पुष्कळदा निर्माण होते. आणि अशा जमेवर विसंबून ग्राहकास पत्र गेले, तर विक्रेत्यास आपल्याच पदरचे पैसे द्यावे लागतात. पुरावा बँकेच्या उताऱ्याचा. एनईएफटीच्या भरण्याला 16 अक्षरांकांचा यूटीआर आणि यूपीआयच्या व्यवहाराला 12 अंकी संदर्भ क्रमांक असतो. दोन भिन्न क्रमांक उताऱ्यात रुजू असतील तरच भरणे दोन. एकच क्रमांक दोन ठिकाणी उतरला असेल, तर चूक आपल्या दप्तराची. आपल्या उदाहरणात क्रमांक दोन निघाले, म्हणून पत्र लिहिणे भाग पडले.

गैरसमज : चुकून आलेली रक्कम बँक आपसूक परत फिरवील, कळविण्याची तसदी कशाला?

वस्तुस्थिती : या समजाचे मूळ रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात आहे. फसलेल्या व्यवहारांची रक्कम ठरावीक मुदतीत परत करण्याचे आणि विलंब झाल्यास दररोज 100 रुपये भरपाई देण्याचे बंधन त्याने बँकांवर घातले. परंतु तो नियम पैसे ग्राहकाच्या खात्यातून निघाले आणि समोरच्यास पोहोचलेच नाहीत, अशा व्यवहारांचा आहे. दुसरा भरणा फसलेला नसतो. तो यथासांग पार पडलेला असतो, आणि बँकेच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नसते. म्हणून परतीची जबाबदारी बँकेवर नसून, ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्या विक्रेत्यावर येते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 72 याबाबत निःसंदिग्ध आहे : चुकीने दिली गेलेली रक्कम घेणाऱ्याने परत केली पाहिजे.

गैरसमज : क्रेडिट नोट धाडली की प्रकरण मिटले.

वस्तुस्थिती : ही चूक सद्‌हेतूने होते आणि म्हणूनच अधिक पसरते. जीएसटी कायद्याच्या कलम 34 अन्वये क्रेडिट नोट देण्याचे प्रसंग ठरलेले आहेत : बिलात किंमत वा कर जादा लागला, माल परत आला, अथवा माल किंवा सेवा उणी निघाली. आपल्या उदाहरणात बिल बरोबर आहे, माल पोहोचला आहे, करही रास्त आहे. दोनदा झाला तो केवळ भरणा. अशा वेळी क्रेडिट नोट काढली, तर झालेली विक्री कागदोपत्री रद्द होते, विक्रेत्याचे करदायित्व विनाकारण घटते आणि ग्राहकाने घेतलेल्या कराच्या वजावटीशी त्याचा मेळ बसत नाही. दुसरी रक्कम विक्रीत न धरता ग्राहकाच्या खात्यावर जमा ठेवावी. ताळेबंदात ती विक्रेत्याचे देणे म्हणून दिसते.

गैरसमज : पुढील बिलात वळती करून घेणे हा विक्रेत्याचा हक्क आहे.

वस्तुस्थिती : करार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे पैसे देणाऱ्याने ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले असेल, तर घेणाऱ्याने त्याच देण्याकडे ते लावले पाहिजेत, आणि कलम 60 प्रमाणे त्याने काहीच सांगितले नसेल, तेव्हा घेणाऱ्यास निवड मिळते तीही प्रत्यक्ष देय झालेल्या देण्यांपुरतीच. अजून न निघालेले बिल हे देय झालेले देणे नव्हे. म्हणून पुढील बिलात वळती करणे ही सोय आहे, आणि ती ग्राहकाच्या लेखी संमतीनेच घ्यावी. कराचाही एक भेद ध्यानात ठेवावा. नियमित नोंदणीच्या व्यापाऱ्यास मालाच्या आगाऊ रकमेवर कर भरण्याचे बंधन नोव्हेंबर 2017 पासून उरलेले नाही. सेवांच्या बाबतीत मात्र रक्कम पुढील कामाची आगाऊ म्हणून स्वीकारली की तिच्यावर कर देय होतो. त्यामुळे सेवा देणाऱ्याने वळतीचा पर्याय सुचविण्यापूर्वी करसल्लागारास विचारलेले बरे.

गैरसमज : ग्राहक सांगेल त्या खात्यात परत केले की झाले.

वस्तुस्थिती : रक्कम ज्या खात्यातून आली, त्याच खात्यात ती परत जावी. मुद्दाम जादा पैसे धाडून ते तिऱ्हाइताच्या खात्यावर परत मागणे ही फसवणुकीची परिचित रीत आहे. आणि मूळ खातेदाराने पुढे तक्रार केली, तर तिऱ्हाइतास दिल्याने विक्रेत्याचे देणे फिटत नाही. आपल्या उदाहरणात दुसरा भरणा मालकाच्या बचत खात्यातून आला होता, म्हणून परतही तेथेच, दुकानाच्या चालू खात्यात नव्हे.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे पत्राचा मजकूर आपोआप ठरतो :

“सप्रेम नमस्कार. आमच्या 3 जूनच्या 47,200 रुपयांच्या बिलापोटी आपला भरणा 10 जून रोजी एनईएफटीने आणि 12 जून रोजी यूपीआयने, असा दोन वेळा आमच्या खात्यात जमा झाला आहे. दोन्हींचे संदर्भ क्रमांक सोबत दिले आहेत. पहिल्या भरण्याने बिल पूर्ण फिटले असून दुसरी रक्कम आपली म्हणून आमच्याकडे जमा आहे. ती परत पाठवावी की पुढील बिलात वळती करावी, हे 20 जूनपर्यंत लेखी कळवावे. उत्तर न आल्यास 21 जून रोजी ती मूळ खात्यात परत पाठवू.”

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. ग्राहक गप्प राहिला तर रक्कम परत जाईल, विक्रेत्याकडे पडून राहणार नाही, हे त्यात तारखेनिशी सांगितलेले असते. पुष्कळशा पत्रांतून नेमके हेच गळते, आणि मग “लवकरच कळवू” या शब्दांवर महिने लोटतात.

सांगलीच्या दुकानदाराने 18 जूनला नवी मागणी नोंदवून तिच्या बिलापुरती वळती मान्य केली. त्या दिवशीचे बिल 29,500 रुपयांचे निघाले. ते जादा जमेतून फिटले आणि उरलेले 17,700 रुपये बचत खात्यात परत गेले. विक्रेत्याने त्या परतीचा संदर्भ क्रमांक आणि शून्य बाकीचा खातेउतारा सांगलीस धाडला, तेव्हाच ते खाते खऱ्या अर्थाने चुकते झाले.