वाईट बातमी: फोन, मेसेज की व्हॉइस नोट?

समजा, कोनला वडील गेलेत आणि भाऊ पुण्याहून एक्स्प्रेसवेनं निघालाय. मेसेज टाकलात तर पहिली ओळ लॉक स्क्रीनवरच दिसणार, तीही गाडी चालवताना. व्हॉइस नोट गाडीच्या स्पीकरवर लागली, तर मागं बसलेली पोरंही ऐकणार. आणि तिकडून रडू आलं तर सावरायला आपण नसतो. म्हणून फोनच करायचा, पण शेजारी बसलेल्या वहिनीला: ‘फूड मॉलला थांबा, मग दादाला फोन द्या.’ पूर्वी तारेत ‘सीरियस, ताबडतोब निघा’ एवढंच असायचं. माणसं काय ते ओळखायची.

अंत्यविधीची वेळ, पत्ता मात्र नंतर मेसेजनेच पाठवा. फोनवर ऐकलेलं त्या अवस्थेत लक्षात राहत नाही. वाचता न येणाऱ्या आत्याला तेवढंच व्हॉइस नोटवर. ऑफिसात साहेबांना दोन ओळींचा मेसेज पुरतो.