बेंझिनच्या हिशेबात कमी पडणारे 150 किलोजूल

तेलापासून वनस्पती तूप करताना निकेलच्या सान्निध्यात एक साधी अभिक्रिया घडते. कार्बनच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन चढतो, बंध एकेरी होतो आणि उष्णता बाहेर पडते. हीच अभिक्रिया बेंझिनवर केली आणि बाहेर पडलेली उष्णता काळजीपूर्वक मोजली, तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते.

केकुलेने 1865 मध्ये बेंझिनचं चित्र मांडलं. त्यात सहा कार्बनचं कडं होतं आणि त्यात एकाआड एक असे तीन दुहेरी बंध. हे चित्र शब्दशः खरं असेल, तर एका दुहेरी बंधाच्या तिप्पट उष्णता मिळायला हवी. ते पडताळायचं कसं? पदार्थ जाळून मिळणारी उष्णता मोजण्याची पद्धत जुनीच होती, पण एक मोल बेंझिन जळताना सुमारे 3268 किलोजूल उष्णता निघते. एवढ्या मोठ्या आकड्यात अर्ध्या टक्क्याची चूक झाली तरी ती 16 किलोजूलची होते आणि बंधाबंधांतले बारीक फरक तिच्यात बुडून जातात. म्हणून 1930 च्या दशकात हार्वर्डमध्ये जॉर्ज किस्टियाकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळण्याऐवजी हायड्रोजनभरणाचीच उष्णता थेट मोजायला घेतली. वायुरूपातला पदार्थ आणि हायड्रोजन यांचं मिश्रण 82 अंश सेल्सिअसच्या आसपास उत्प्रेरकावरून सोडायचं आणि निघालेली उष्णता कॅलरीमापीत पकडायची, अशी ती पद्धत.

आधी सायक्लोहेक्झीन घेऊ. तेही सहा कार्बनचंच कडं, पण त्यात दुहेरी बंध एकच. एका मोलमागे त्याची 119.6 किलोजूल उष्णता निघाली. म्हणजे तीन बंधांच्या बेंझिनकडून जवळजवळ 359 किलोजूलची अपेक्षा. प्रत्यक्षात मिळाली 208.4! दोन्हींचा शेवट एकाच सायक्लोहेक्झेनमध्ये होतो, त्यामुळे हा फरक सुरुवातीच्या रेणूतच असला पाहिजे. बेंझिनची ऊर्जा मुळातच अपेक्षेपेक्षा 150 किलोजूलने कमी आहे. 78 ग्रॅम बेंझिनमागे ही तूट एवढी मोठी आहे, की तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी 36 अंशांनी तापेल.

पण मला खरा थरार वाटतो तो त्याच मालिकेतल्या तिसऱ्या मोजमापाचा. दोन शेजारी दुहेरी बंध असलेल्या 1,3-सायक्लोहेक्झाडायीनची उष्णता निघाली 231.7. जरा थांबून हे आकडे पाहा. दोन दुहेरी बंधांचा रेणू 231.7 देतो आणि ‘तीन’ बंधांचा बेंझिन त्याहून कमी, 208.4! म्हणजे बेंझिनमध्ये हायड्रोजनचा पहिला रेणू घालताना उष्णता बाहेर पडतच नाही. उलट सुमारे 23 किलोजूल पदरचे घालावे लागतात. पुढचे दोन टप्पे मात्र अनुक्रमे 112 आणि 119.6 किलोजूल देत सरळ उताराला लागतात. पहिली पायरी तेवढी चढाची. त्यामुळे एकदा बेंझिनचं कडं मोडलं, की अभिक्रिया सहसा मध्ये न थांबता सायक्लोहेक्झेनपर्यंत जाते.

या तुटीचं कारण असं, की तीन दुहेरी बंधांचे म्हणून मोजलेले सहा इलेक्ट्रॉन दोन-दोन कार्बनांच्या मधे अडकून बसलेले नाहीत. ते सगळ्या कड्यावर पसरले आहेत आणि पसरायला जागा मिळाली की इलेक्ट्रॉनची ऊर्जा उतरते. यालाच रेझोनन्सने आलेलं स्थैर्य म्हणतात. बेंझिन केकुलेच्या दोन चित्रांमध्ये आलटून पालटून उड्या मारत नाही. त्याचं रूप एकच आहे आणि त्यातले सहाही बंध सारखे, सुमारे 140 पिकोमीटरचे. साधा एकेरी बंध 154 आणि दुहेरी 134 असतो. कॅथलीन लॉन्सडेल यांनी 1929 मध्ये हेक्झामिथाइलबेंझिनच्या स्फटिकात क्ष-किरणांनी हे सपाट षटकोनी कडं दाखवून दिलं होतं.

आता 150 या आकड्याकडे जरा कठोरपणे पाहू. 208.4 मोजलेलं आहे. 359 मात्र अस्तित्वातच नसलेल्या रेणूचं आहे: तीन एकलकोंडे दुहेरी बंध असलेल्या कल्पित सायक्लोहेक्झाट्रायीनचं. शेजारचे दुहेरी बंध एकमेकांना थोडा आधार देतातच. डायीनमध्ये तो 7.5 किलोजूलचा दिसतो, कारण दोन बंधांच्या 239.2 ऐवजी 231.7 मिळाले. कल्पित रेणूतही अशा तीन शेजारांचा आधार धरला, तर अपेक्षा 336 वर येते आणि तूट 128 होते. उलट बाजूने, लांब-आखूड बंध ओढून-दाबून सारखे करायलाही ऊर्जा लागते. तो खर्च आधीच वजा होऊन आपला आकडा आलेला आहे. कल्पित रेणूचे बंधही सारख्याच लांबीचे धरले, तर तूट 150 च्याही वर जाईल.

पाठ्यपुस्तकात 150 दिसला, तर तो सायक्लोहेक्झीनच्या तिपटीशी केलेल्या तुलनेतून आला आहे, हे त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा.