पाकिटं उघडण्याच्या आदल्या दिवशी

सकाळी 9. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडली की आमच्या मसाला कारखान्याला पोत्यांची घाई होते. तीन पुरवठादारांच्या दरांची बंद पाकिटं माझ्या विभागात आहेत. ती उद्या उघडायची. नमुन्याची पोती तपासली. एकाची शिवण ढिली निघाली, तसं नोंदवलं.

11. शहाद्याचे जुने पुरवठादार आले. वयानं वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. चहा झाला. मग पिशवीतून काजूकतलीचा डबा निघाला आणि सोबत चांदीचं नाणं.

"आबा, दिवाळीला आठवणीनं आलात, बरं वाटलं. पण कंपनीच्या नियमानं मला पुरवठादाराकडून काही घेता येत नाही. पाकिटं बंद असताना तर मिठाईसुद्धा नाही."

"भाऊ, ही काय लाच आहे का?"

या प्रश्नावर वाद घालायचा नाही, नाहीतर समोरच्याच्या हेतूवर बोट जातं. मी म्हटलं, "तसं माझ्या मनातही नाही. पण उद्या काम तुम्हाला मिळालं, तर लोक तुमच्या मालाबद्दल बोलणार नाहीत, या नाण्याबद्दल बोलतील." हे त्यांना पटलं. सारंगखेड्याच्या यात्रेत मुक्कामाची सोय करतो म्हणाले. "यात्रेला मी येतोच, पण खर्च माझा. भेटलो तर चहाही माझ्याकडून."

उठताना त्यांनी विचारलं, "आमचा नमुना कसा वाटला?" ढिली शिवण त्यांचीच होती. डबा घेतला असता तर इथे तोंड उघडावं लागलं असतं. नमुन्यांवरचे शेरे तिघांनाही एकाच वेळी मेलनं जातील, एवढंच सांगितलं आणि दारापर्यंत सोडायला गेलो.

12. भेटवस्तूंच्या नोंदवहीत तारीख, वस्तू, "जागेवरच परत" असं लिहिलं. आबांना आभाराचा छोटा मेल केला, प्रत साहेबांना. सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू असतात. आम्हाला बांधते ती रुजू होताना सही केलेली आचारसंहिता.

3. घरून फोन. कुणाचा तरी ड्रायव्हर सुक्या मेव्याची पेटी ठेवून गेला होता. अवघड प्रकार हाच, कारण नाही म्हणायला आपण तिथे नसतो आणि पेटी रात्रभर घरात राहिली की ती घेतल्यासारखीच होते. "उघडू नका," म्हटलं. चिठ्ठीवर दुसऱ्या पुरवठादाराचं नाव होतं. त्यांना आधी फोन केला, मग कंपनीच्या गाडीनं पेटी परत पाठवून पोच घेतली. बाहेरगावाहून कुरिअरनं आलेली मिठाई परत जाईपर्यंत खराब होते; ती मनुष्यबळ विभागात जमा होते, कामगारांत वाटली जाते आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतात.

6. नोंदवहीत दुसरी ओळ पडली. साहेबांना एक विनंती लिहून दिली, आणि ती प्रत्येक कंपनीच्या खरेदी विभागाला आहे: दसऱ्यालाच सगळ्या पुरवठादारांना पत्र पाठवा की, आमच्या माणसांना भेट देऊ नका. म्हणजे आबांसारख्या माणसाला डबा हातात घेऊन परत जावं लागणार नाही.